ब्लेंडरमध्ये मॉडेल अवाढव्य आणि स्लायसरमध्ये टिपक्याएवढं: मापं जुळवायची कशी?

प्रश्न: वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपने पॅनेलच्या कव्हरप्लेटची एसटीएल फाइल पाठवली आहे. प्लेट १२० मिमी लांब आहे, पण ब्लेंडरमध्ये ती १२० मीटर दिसते. आणि मी ब्लेंडरमध्ये मापात केलेलं झाकण स्लायसरमध्ये टिपक्याएवढं येतं. चूक कुठे होतेय?

उत्तर:

फाइल बिघडलेली नाही आणि तुमचं झाकणही बरोबर आहे. एसटीएलमध्ये फक्त आकडे असतात, एकक नसतं. प्लेटच्या फाइलमध्ये १२० एवढंच लिहिलंय. वर्कशॉपच्या कॅडला ते १२० मिमी वाटतात, ब्लेंडर मुळात मीटर धरतो म्हणून १२० मीटर दाखवतो. उलट दिशेने तुमचं १२० मिमीचं झाकण ब्लेंडर ०.१२ असं लिहितो आणि स्लायसर मिमी धरून ०.१२ मिमी वाचतो.

म्हणून डोळ्याच्या अंदाजाने मॉडेल ताणू नका. ज्याचं खरं माप ठाऊक आहे अशी एक कड घ्या (प्लेट हाताशी असेल तर व्हर्नियरने मोजा) आणि खऱ्या मापाला पडद्यावरच्या मापाने भागा. उत्तर १००० आलं तर मीटर-मिमीचा घोळ, १० आलं तर सेंटिमीटरचा, २५.४ आलं तर इंचाचा. म्हणजे १२० मिमीची प्लेट स्लायसरमध्ये ४.७२ मिमी दिसली तर फाइल इंचात सेव्ह झालीय, २५४० टक्के करा की झालं. पण गुणोत्तर १.०७ असं काहीतरी आलं, किंवा लांबीला एक आणि रुंदीला दुसरं आलं, तर तो एककाचा दोष नाही. कोणीतरी मॉडेल हाताने ताणलंय. अशी फाइल दुरुस्त करत बसू नका, मूळ पुन्हा मागवा.

तुम्ही छापायचे छोटे भाग करता, तर ब्लेंडरचा सीनच मिमीत ठेवा असं मी सुचवेन. `Scene Properties > Units` मध्ये `Unit Scale` 0.001 आणि `Length` `Millimeters` करा. आता एसटीएल आत घेताना आणि बाहेर काढताना `Scale` 1 ठेवा आणि `Scene Unit` ची खूण काढा. वर्कशॉपची प्लेट १२० मिमीच दिसेल आणि स्लायसरलाही १२० च मिळतील. `Scene Unit` ची खूण राहिली तर बाहेर काढताना आकड्यांना पुन्हा 0.001 ने गुणलं जातं आणि टिपका परत येतो. सेटिंग बदलूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हीच खूण बघायला सांगतो.

मीटरमध्येच राहून प्लेट आत घेताना 0.001 आणि झाकण बाहेर काढताना 1000 दिलं तरी चालतं, पण छोट्या भागांना ते जाचक होतं. `Merge by Distance` चं मूळ अंतर 0.0001 मीटर, म्हणजे ०.१ मिमी असतं. बारीक कोरीव काम त्यात चिकटून जातं. शिवाय `Clip Start` 0.01 मीटर असल्यामुळे ३ मिमीच्या भोकाजवळ झूम केलं की पृष्ठभाग कापल्यासारखे दिसतात.

आता तयार असलेल्या झाकणाचं बघू. `Unit Scale` बदलल्याने आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांचं वाचन बदलतं. त्यामुळे झाकण ०.१२ मिमी दिसू लागेल. ऑब्जेक्ट मोडमध्ये ते निवडून पुढच्या कळा दाबा:

```
S  1000  Enter
Ctrl+A > Scale
```

दुसरी ओळ टाळू नका. `Solidify` आणि `Bevel` ऑब्जेक्टच्या स्केलवर चालतात, म्हणून स्केल 1000 तसाच राहिला तर त्यांत टाकलेली जाडी आणि प्रत्यक्ष जाडी जुळत नाही. पण `Ctrl+A` नंतर मॉडिफायरमधला जुना आकडा आपोआप वाढत नाही. भिंत २ मिमी हवी असेल तर तिथे जुनं 0.002 असेल, ते 2 करा. नाहीतर बाहेरचं माप अचूक येतं आणि भिंत कागदापेक्षा पातळ होते, आणि स्लायसर तिथे काहीच छापत नाही. प्लेट आत घेतानाही `N` पॅनेलमध्ये `Scale` 1 नसेल तर काम सुरू करण्याआधी हेच करा.

स्लायसरमध्येही एक गोष्ट तपासा. क्युराच्या प्रेफरन्सेसमध्ये फार छोटी मॉडेल्स मोठी करायचा आणि मोठी मॉडेल्स बेडवर बसतील एवढी लहान करायचा असे दोन पर्याय आहेत. दोन्ही बंद ठेवा. मोठं मॉडेल बेडवर बसवलं की ते ठीकठाक दिसतं, पण त्याचं माप बेडवरून ठरलेलं असतं, प्लेटवरून नाही. प्रुसास्लायसर मात्र मॉडेल फार छोटं आलं तर ते मीटर किंवा इंचातलं आहे का असं विचारतो. वरचं गुणोत्तर काढलेलं असेल तर तिथे बिनधास्त होकार द्या.

वर्कशॉपकडून पुढच्या वेळी फाइल घेताना ‘एक्सपोर्ट मिमीत करा आणि सोबत एका कडेचं माप कळवा’ एवढं सांगून ठेवा. फाइल थेट स्लायसरमध्ये जाणार असेल तर एसटीएलऐवजी थ्रीएमएफ मागा, त्यात एकक फाइलमध्येच नोंदलेलं असतं.