दुरुस्ती पुन्हा लांबली, भाडेकरूंना काय लिहू?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात घर भाड्याने दिलंय. गच्चीच्या गळतीची तारीख दुसऱ्यांदा चुकली. काय लिहू?

आधी चूक कबूल करा, मग काय झालं आणि काय उरलं ते सांगा. साधारण असं:

"काका, शनिवारी काम होईल म्हणालो होतो, पुन्हा शब्द चुकला, माफ करा. भेगा भरून झाल्यात. पण स्लॅब ओला आहे, त्यावर कोटिंग धरत नाही, फुगे येतात. स्लॅब सुकला की कारागीर येईल. गुरुवारी संध्याकाळी मीच फोन करतो. तोवर उद्या सकाळी गच्चीवर ताडपत्री टाकतो."

मीही घर भाड्याने देतो. लोक उशिरापेक्षा तिसऱ्या खोट्या तारखेवर जास्त चिडतात, म्हणून पावसात कामाची नव्हे, फोनची तारीख द्या. मात्र पाणी पंख्याच्या किंवा दिव्याच्या पॉइंटपाशी टपकत असेल तर मेसेज नको, लगेच फोन करून त्या खोलीचा एमसीबी बंद करायला सांगा.