विधवा आत्याच्या वाट्याची शेतजमीन दिरांनी तिला न विचारता विकली. तिची सही कुठेच नाही. तलाठ्याकडे तक्रार केली तर व्यवहार रद्द होईल का?

नाही होणार. खरेदीखत रद्द करणं तलाठ्याच्या हातात नाही, तहसीलदाराच्या नाही, प्रांतांच्याही नाही. ते काम दिवाणी कोर्टाचं. माझ्या मामांना हे आजतागायत पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची शेती सोलापूर जिल्ह्यात, आजोबांची, चार एकर. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या चुलत्यांचं नाव लागलं आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तेव्हा घरोघरी असंच चालायचं. पुढे वडील वारले, पण त्यांचं नाव मुळात उताऱ्यावरच नव्हतं, त्यामुळे वारसनोंदीचा विषयही कुणी काढला नाही. आई विहिरीकडचा तुकडा कसत राहिली.

एका सकाळी ती हरभरा उपटत होती आणि बांधावर मोजणीवाले उभे राहिले. सोबत तालुक्याचा एक व्यापारी. “मावशी, हरभरा निघाला की रान मोकळं करताय ना?” आई म्हणाली, “कुणाचं रान?” त्यानं पिशवीतून खरेदीखताची झेरॉक्स काढून दिली. आईला वाचता येतं. विहिरीसकट दोन एकर, लिहून देणार थोरले दीर, स्वतःकरता आणि एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून, कारण ‘कौटुंबिक गरज’. झेरॉक्स हातात धरून ती तशीच चुलत्यांच्या दारात गेली. जाऊबाईंनी चहा ठेवला. चुलते मागच्या दारानं बाहेर पडले.

आधी आम्ही खोटी सही शोधली. ती निघालीच नाही, कारण कुणाला करायची गरजच पडली नव्हती. कागदावर नाव नाही म्हणून सही लागली नाही, फेरफाराची नोटीसही आईला आली नाही. तुमच्या आत्याचंही बहुधा हेच झालंय. म्हणून भांडायला जाण्याआधी सासऱ्यांच्या मृत्यूपासूनचे सगळे फेरफार आणि खरेदीखताची सहीशिक्क्याची नक्कल काढा.

मामांचं म्हणणं, “फेरफार उडवा, जमीन आपोआप परत येते.” म्हणून प्रांतांकडे अपील. तारखा, तारखा, आणि शेवटी निकाल काय, तर हक्काचा वाद दिवाणी न्यायालयात न्यावा. अहो, फेरफार ही महसुलाची नोंद. ती उडाली तरी नोंदणी झालेलं खरेदीखत जागच्या जागी राहतं.

मग दावा लावला. वाटप, स्वतंत्र ताबा, आणि हे खरेदीखत आमच्या हिश्श्यापुरतं बंधनकारक नाही असा ठराव. आईनं त्यावर सहीच केली नव्हती, त्यामुळे खत रद्द करून मागायची गरज नव्हती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं नवऱ्याचा हिस्सा बायको, मुलं-मुली आणि सासू हयात असेल तर ती, यांना सारखा मिळतो. वडील आणि चुलते दोघंच भाऊ, आजी आधीच गेलेली, म्हणून दोन एकर आम्हा मायलेकरांची. वकिलांनी दावा दाखल होताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतली, नाहीतर व्यापाऱ्यानं जमीन पुढे विकली असती आणि आम्ही तिसऱ्याच माणसाच्या मागे लागलो असतो. हे चुकवू नका.

सगळा दावा ‘कौटुंबिक गरज’ या दोन शब्दांवर फिरला. मॅनेजरला कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी जमीन विकता येते, पण गरज होती किंवा आपण तशी चौकशी केली होती, हे सिद्ध करायचं घेणाऱ्यानं. चुलते म्हणाले, सोसायटीचं कर्ज होतं. उलटतपासणीत निघालं की कर्ज त्यांच्या मुलाच्या ट्रॅक्टरचं.

हिस्सा मिळाला, विहीर गेली. विकलेले दोन एकर कोर्टानं चुलत्यांच्या वाट्यात धरले, म्हणजे ते व्यापाऱ्याकडेच राहिले, आणि आम्हाला उरलेलं कोरडवाहू रान आलं. मामा यावरून अजून टोमणे मारतात. पण विकलेला तुकडा विकणाऱ्याच्या हिश्श्यात बसत असेल तर कोर्ट सहसा तसंच करतं. निकालानंतरही सरस-निरस पाहून प्रत्यक्ष वाटप महसूल खात्याकडून व्हायचं असतं, त्यात आणखी वेळ जातो. आत्याला हे आधीच सांगून ठेवा.

आत्यानं पूर्वी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर माझं वरचं बरंचसं लागू नाही. जमीन वर्ग 2 ची असेल तर परवानगीशिवाय विक्री झाली का, हा वेगळाच मुद्दा निघतो. आणि घेणाऱ्याचा ताबा बारा वर्षांच्या जवळ आला असेल तर हे वाचत बसू नका, उद्याच वकील गाठा.

पैशांचं म्हणाल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मामा म्हणाले होते, फुकटचा वकील फुकटातलंच काम करणार. ट्रॅक्टरचं कर्ज उलटतपासणीत काढलं ते त्याच वकिलांनी.