ओळख नसलेल्या सिनिअरला मेसेज कसा करायचा?

‘मॅडम, आमच्या कॉलेजच्या एका सिनिअरने बुटीबोरीच्या कारखान्यात इंटर्नशिप केली होती. मलाही तिथेच अर्ज करायचा आहे, म्हणून त्यांना विचारायचं आहे. पण ओळख नाही. त्यांना वाटेल, हा काम मागायला आलाय. आणि उत्तरच नाही आलं तर?’

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातला हा मुलगा धरमपेठेतल्या माझ्या खोलीत बसून हे सांगत होता. आधी एकदा त्याने एका दुसऱ्या सिनिअरला व्हॉट्सॲपवर नुसतं ‘हॅलो सर’ पाठवलं होतं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तेव्हापासून त्याने धास्ती घेतली होती. मी त्याला म्हटलं, त्या माणसाने तुला टाळलं असं धरू नकोस. ‘हॅलो’ला काय उत्तर द्यायचं, हेच कळत नाही. समोरच्याला आधी ‘कोण?’ विचारावं लागतं, मग ‘काय काम?’ विचारावं लागतं. कामाच्या गडबडीत ते राहूनच जातं.

या वेळी त्याने मोठा मजकूर लिहून आणला होता. मी तो त्यालाच मोबाइलवर वाचायला लावला. अंगठ्याने दोनदा वर सरकवल्यावर तो शेवटच्या ओळीपाशी पोचला. मधे दहावी-बारावीचे टक्के, ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’, सोबत बायोडेटा आणि शेवटी ‘कृपया मार्गदर्शन करावे व काही संधी असल्यास कळवावे’. मी विचारलं, यात प्रश्न कुठे आहे? बराच वेळ पाहून तो म्हणाला, ‘प्रश्न नाहीच आहे, मॅडम.’

त्याची भीती खरी ठरवणारी गोष्ट तीच होती. बायोडेटा जोडला आणि ‘संधी’ हा शब्द आला की तो काम मागणाराच मेसेज होतो. ‘मार्गदर्शन करा’ म्हटलं की समोरच्याला निबंध लिहावा लागेल असं वाटतं. आणि ‘अनुभव कसा होता?’ एवढंच विचारलं तर ‘छान होता’ एवढंच उत्तर येतं. म्हणून प्रश्न असा हवा, की ज्याने ते दिवस काढलेत त्यालाच उत्तर देता येईल आणि तेही चहा पिता पिता.

संबोधनावर आमचा बराच वेळ गेला. दोन वर्षं पुढच्या मुलाला ‘आदरणीय महोदय’ लिहिलं की अर्जाचा वास येतो. कॉलेजात त्याला दादाच म्हटलं असतं ना? मग दादाच लिही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पास झालेले असतील तर सर किंवा मॅडम. शेवटी हे ठरलं:

‘नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकल, तिसरं वर्ष. तुमच्या लिंक्डइनवर बुटीबोरीच्या मेंटेनन्स विभागातली इंटर्नशिप पाहिली. मी तिथेच अर्ज करतोय. दोनच गोष्टी विचारायच्या होत्या: पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय काम देतात? आणि जाण्याआधी काय शिकून गेलं असतं तर सोपं गेलं असतं? सवडीने सांगितलं तरी चालेल, नाही जमलं तरी हरकत नाही.’

लिंक्डइनवर ओळख नसलेल्याला विनंती पाठवताना मोफत खात्यावरून जेमतेम 200 अक्षरांची चिठ्ठी जोडता येते. त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी मजकूर लवकर संपतो. म्हणून चिठ्ठीत फक्त कॉलेज, वर्ष आणि ‘तुमच्या इंटर्नशिपबद्दल दोन छोटे प्रश्न विचारू का?’ एवढंच घातलं. विनंती स्वीकारल्यावर पूर्ण मेसेज. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदाच, एका ओळीची आठवण. त्यानंतर त्या माणसाला सोडायचं आणि दुसरा शोधायचा. कॉलेजच्या लिंक्डइन पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, ती कंपनी आणि वर्षानुसार चाळता येते.

आठवणीची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी रात्री उत्तर आलं, ते त्याने मला दाखवलं. पहिले काही दिवस नुसतं बघायचंच काम असतं. ड्रॉइंग वाचता यायला हवं, बेअरिंग आणि पंपाचं पुन्हा वाचून जा. आणि एक गोष्ट, जी त्याला कॉलेजात कोणी सांगितली नव्हती: आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे रिपोर्टसाठी फोटो मिळणार नाहीत. रोज संध्याकाळी घरी आल्यावर वहीत आकृती काढून ठेव, नाहीतर शेवटी रिपोर्टमध्ये घालायला काही उरत नाही.

त्याने लगेच विचारलं, ‘आता विचारू का, माझं नाव पुढे करतील का म्हणून?’ मी नको म्हटलं. आभार मान, अर्ज केलास की कळव, निवड झाली की परत कळव. नाव पुढे करावंसं वाटलं तर ते स्वतःच विचारतील.

जुलैत तो पुन्हा आला, तेव्हा वही सोबत होती. पेन्सिलने काढलेला पंप होता, बाजूला तारीख. ते पान त्याने आधी त्या दादाला पाठवलं होतं.