फुल अँड फायनलच्या पत्रात रक्कम बरोबर आहे, तरी माणूस पुन्हा पुन्हा का विचारतो?

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एका सीएनसी ऑपरेटरने राजीनामा दिला, १८ जून २०२६ त्याचा शेवटचा दिवस. पत्रात लिहिलंय, "आपला फुल अँड फायनल हिशेब रु. १,२१,०२२/- इतका होत असून आवश्यक प्रक्रिया पूर्ण झाल्यावर लवकरात लवकर अदा करण्यात येईल." आकडा तपासलाय, बरोबर आहे. तरी तो रोज फोन करतो. पत्रात काय बदलू? बेसिक २०,८००, घरभाडे भत्ता ८,३२०, प्रवास भत्ता २,०८०. ३ ऑक्टोबर २०१८ ला लागला. ११ रजा शिल्लक. नोटीस ३० दिवसांची, राजीनामा २५ मेला दिला.

उत्तर:

आकडा बरोबर असला तरी तो पडताळून पाहायला त्याच्या हातात काहीच नाही, म्हणून फोन येतात. तुम्ही त्याला बेरीज-वजाबाकी करून उरलेली एकच रक्कम कळवली आहे. त्याच्या डोक्यातला हिशेब वेगळा असणार: जूनचा पगार इतका, रजांचे इतके, ग्रॅच्युइटी इतकी. नोटिशीचे पैसे कापलेत हे त्याला माहीतच नसेल, तर त्याची बेरीज तुमच्याशी कधीच जुळणार नाही.

पत्रात प्रत्येक रकमेपुढे किती दिवस, कोणता दर आणि किती रुपये हे तिन्ही लिहा. देणं आणि कपात एकमेकांत वळती करून दाखवू नका. तुमचे आकडे घेऊन, रजेचा दर तुमच्या नियमात एकूण पगार भागिले २६ असा आहे असं धरून, मजकूर असा होईल:

> अ) देय रक्कम
> जून पगार: १ ते १८ जून, १८ दिवस × रु. १,०४० (३१,२०० ÷ ३०) = रु. १८,७२०
> रजेचे पैसे: ११ दिवस × रु. १,२०० (३१,२०० ÷ २६) = रु. १३,२००
> एकूण रु. ३१,९२०
>
> ब) कपात
> नोटीस: ३० पैकी २५ दिवस पूर्ण (२५ मे ते १८ जून, दोन्ही दिवस धरून). कमी ५ दिवस × रु. १,०४० = रु. ५,२००
> पीएफ: १८ दिवसांच्या बेसिकवर (रु. १२,४८०) १२ टक्के = रु. १,४९८
> व्यवसाय कर: रु. २००
> एकूण रु. ६,८९८
>
> क) पहिला भरणा (अ वजा ब): रु. २५,०२२
>
> ड) ग्रॅच्युइटी: सेवा ७ वर्षे ८ महिने, ८ वर्षे धरली. रु. २०,८०० × १५ ÷ २६ × ८ = रु. ९६,०००

पगाराला ३० आणि रजेला २६ हा भाजकातला फरक बघून तो नक्की विचारेल, म्हणून पत्रातच एक ओळ टाका: पगार आणि नोटिशीचे दिवस कॅलेंडरचे, साप्ताहिक सुट्टीसकट मोजले, म्हणून ३०, रजा फक्त कामाच्या दिवसांची असते, म्हणून २६. खरी गडबड इथेच होते. रजेचे पैसे फक्त बेसिकवर द्यायचे (११ × ८०० = ८,८००) आणि नोटीस मात्र एकूण पगारावर कापायची, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी चालतो. समोरच्याला तो लबाडीचाच वाटतो, आणि माझ्या मते त्याचं चुकत नाही. तुमच्या रजेच्या नियमात किंवा नेमणूकपत्रात दर काय लिहिलाय ते आधी काढून बघा.

नोटीस कोणत्या तारखेपासून मोजली हेही लिहाच. २५ मे धरायचा की २६ पासून सुरू करायचं, यावर एका दिवसाचे १,०४० रुपये इकडचे तिकडे होतात.

ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षे ८ महिन्यांची ८ झाली. हे लिहिलं नाही तर कुणी ७ ने गुणतो आणि तुम्ही १२,००० जास्त का दिले हे तुमचेच ऑडिटर विचारतात.

आता तारीख. सध्याच्या पत्रातलं सगळ्यात कच्चं वाक्य म्हणजे "प्रक्रिया पूर्ण झाल्यावर लवकरात लवकर". २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे आणि तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा देणाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर देण्याची जुनी सवय यात बसत नाही. ग्रॅच्युइटी मात्र वेतनात मोडत नाही. तिला ती देय झाल्यापासून ३० दिवस असतात आणि उशीर झाला तर व्याज लागतं. म्हणजे दोन रकमांना दोन मुदती आहेत. तुम्ही त्या एकाच आकड्यात घातल्यामुळे २५ हजारांचं वेतनही ९६ हजारांच्या मंजुरीसाठी थांबून राहिलंय.

पत्रातही "दोन कामकाजाच्या दिवसांत" असं लिहू नका, तारीखच घाला. १८ जूनला गुरुवार आहे. युनिटची सुट्टी रविवारी असेल तर दुसरा कामाचा दिवस शनिवार २० जून, शनिवारी असेल तर रविवार २१ जून. तो एक मोजेल, तुम्ही दुसरं मोजाल. त्यापेक्षा असं लिहा:

> "रु. २५,०२२/- ही रक्कम शुक्रवार, १९ जून २०२६ रोजी आणि ग्रॅच्युइटीची रु. ९६,०००/- ही रक्कम शुक्रवार, १० जुलै २०२६ रोजी, आपल्या पगाराच्या बँक खात्यात (शेवटचे चार अंक ____) जमा केली जाईल."

"जमा केली जाईल" हेच शब्द ठेवा. "अदा करण्यात येईल" म्हटलं की चेक तयार झाला, सही व्हायची आहे, या सगळ्यालाच अदा म्हणता येतं. तारीख टाकण्याआधी अकाउंट्सला विचारून घ्या, कारण लिहिलेली तारीख चुकली तर मोघम पत्रापेक्षा जास्त त्रास होतो. टूल क्रिबमधली हत्यारं किंवा आयकार्ड परत यायचं असेल तर ते कोणत्या तारखेपर्यंत आणि कुणाकडे द्यायचं हे वेगळ्या ओळीत लिहा. पैशाच्या वाक्याला "नो ड्यूज झाल्यावर" ही अट जोडू नका.

दोन गोष्टी या हिशेबात नाहीत, तेही सांगून टाका. पीएफची जमा रक्कम कंपनी देत नाही; ती त्याने यूएएनवरून नव्या कंपनीत वळवायची किंवा काढायची. दुसरा बोनस. तुमच्याकडे त्याला बोनस लागू असेल, तर २०२५-२६ चा बोनस इतरांबरोबर ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मिळेल असं लिहा. १ एप्रिल ते १८ जून या काळात त्याचे ३० पेक्षा जास्त दिवस भरलेत, त्यामुळे चालू वर्षाचाही हिस्सा त्याला पुढच्या वर्षी द्यावा लागेल. राजीनामा दिला म्हणून तो बुडत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी "यापुढे माझे कोणतेही येणे बाकी नाही" अशी सही घ्यायची ओळ असेल, तर ती काढा. पैसे हातात नसताना कुणी त्यावर सही करणार नाही, आणि केलीच तर तिला फारसा अर्थ नाही. ग्रॅच्युइटी १० जुलैला जमा झाली की वेगळी पावती घ्या आणि तिच्यात दोन्ही रकमा, दोन्ही तारखा आणि बँकेचे यूटीआर क्रमांक लिहा.