गोळीचं नाव पाकिटाच्या मागे असतं

“ताई, सातवा महिना चालू आहे. रोज दुपारी डोकं ठणकतं. सासऱ्यांच्या कंबरदुखीची गोळी घेते, अर्ध्या तासात बरं वाटतं. पण बाळाला काही होणार नाही ना?”

चोपड्याकडच्या एका गावातून आलेल्या या सूनबाईला मी आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं. मागे बारीक अक्षरात होतं: आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. ती पाच दिवस रोज एक घेत होती.

अडचण आयबुप्रोफेनची होती. वीस आठवड्यांनंतर ते बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतं. गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतूनच बनतं, म्हणून ते कमी होऊ शकतं. पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्माआधीच आकसण्याचा धोका असतो. डायक्लोफेनॅकही याच जातीचं, आणि डोकेदुखीसाठी मनाने घेतलेली अ‍ॅस्पिरिनही नको. मात्र रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन लिहून दिली असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये. अर्धशिशीच्या काही गोळ्यांत अर्गोटामिन असतं. त्याने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून तेही टाळायचं.

ती रडायलाच लागली. मी तिला सांगितलं, पाच गोळ्यांनी नुकसान झालंच असं नाही, पण तपासू. त्याच दिवशी रक्तदाब ११६/७४ भरला आणि लघवीत प्रथिनं नव्हती. डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली, गर्भजल पुरेसं होतं.

मग डोकं का दुखतं, ते शोधायला बसलो. दिवसाला पाच कप चहा पिणारीने तो एकदम सोडला होता, कारण जाऊ म्हणाली, “चहाने बाळ काळं होतं.” ही समजूत खोटी आहे. चहातलं कॅफिन अचानक तोडलं की डोकं दुखू शकतं. वर वैशाखातलं ऊन, पाणी कमी, आणि सगळ्यांना वाढून स्वतः जेवायला तीन वाजायचे. मी तिला दोन छोटे कप चहा परत सुरू करायला सांगितला, अकरा वाजता भाकरीचा घास, सोबत पाण्याचा तांब्या, आणि दुखू लागलं की अंधाऱ्या खोलीत कपाळावर ओली घडी.

तरीही थांबलं नाही तर नुसतं पॅरासिटामॉल, ५०० मिग्रॅची एक गोळी. दुसरी घ्यायची वेळ आलीच तर सहा तासांनी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

जाताना तिच्या सासूबाईंना थांबवून सांगितलं: डोकं फार दुखतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तोंड-हात सुजलेत किंवा छातीखाली पोटात कळ येते, तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रक्तदाब १४०/९० किंवा वर असू शकतो. रात्री दोन वाजले तरी दवाखान्यात आणा.

आठवड्याने तिचा फोन आला. पॅरासिटामॉल एकदाच लागलं होतं.