आधी मुठी आवळायला शिकवा

*माझी मुलगी १३ वर्षांची आहे. इंजेक्शन म्हटलं की रडते आणि दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरते. डॉक्टरांनी एचपीव्हीची लस घ्यायला सांगितली आहे, पण तीनदा ठरवून रद्द करावं लागलं. अंग सैल सोड, डोळे मीट, लांब श्वास घे, काही होत नाही, असं मी तिला नेहमी सांगते. गेल्या वर्षी रक्त तपासायला नेलं तेव्हा खुर्चीतच तिनं अर्धा मिनिट मान टाकली होती, साखरपाणी दिल्यावर ठीक झाली. तिच्या बाबांनाही रक्त बघवत नाही, म्हणून ते बाहेरच थांबतात. एवढ्या मोठ्या मुलीचा हट्ट कसा मोडू?*
*– एक आई, सांगली*

ताई, हट्ट हा शब्द आधी खोडून टाका. मान टाकल्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण सगळं उत्तर त्याच ओळीत आहे. तुमची लेक बेशुद्ध पडली होती. त्यानंतर तिनं सुईला घाबरू नये अशी अपेक्षा कुणी करावी?

मुलांच्या इतर भीतींपेक्षा ही भीती शरीरात वेगळी वागते. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाची छाती धडधडते, रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. ते मूल पळेल, किंचाळेल, पण चक्कर येऊन पडणार नाही. रक्त आणि सुईच्या भीतीत मात्र रक्तदाब आधी चढतो आणि मग काही क्षणांत एकदम खाली येतो. नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. हा कल बऱ्याचदा घरातच असतो, म्हणून बाबांची गोष्टही मला महत्त्वाची वाटते.

आता तुमच्या सल्ल्याकडे बघा. अंग सैल सोडलं की रक्तदाब आणखी उतरायला मदतच होते. कुत्र्याच्या भीतीत जे उपयोगी पडतं, तेच इथे तिला खाली पाडतं. तुम्ही मायेनं सांगत होतात, पण ते आजपासून बंद करा. साखरपाण्यानंही काही साधलं नव्हतं. साखर कमी झालीच नव्हती, ती आपोआप शुद्धीवर आली. पुन्हा असं झालं तर तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल नाकाशी धरू नका आणि उठवून बसवू तर मुळीच नका. आडवं झोपवून पाय वर उचला. अशा वेळी हातपाय थोडे झटकले जातात आणि लोक फिट आली म्हणून घाबरतात. एकदा डॉक्टरांना हे सगळं सविस्तर सांगाच. धावताना-खेळताना, किंवा काही कारण नसताना ती कधी अशी पडली असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या आणि मगच पुढचं वाचा.

यावरचा उपाय स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात बसवला. त्याला अप्लाइड टेन्शन, म्हणजे ठरवून स्नायू ताणणं, म्हणतात. तिला खुर्चीत बसवा. दोन्ही मुठी, दंड, पोट, मांड्या आणि पोटऱ्या एकदम घट्ट आवळायला सांगा. चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ सेकंद, आवळून धरायचं. मग सोडायचं, पण गळून जाईपर्यंत नाही, नेहमीसारखं बसण्याइतकंच. २०-३० सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा केलं की एक बैठक झाली. दिवसाला अशा पाच बैठका, आठवडाभर.

यात दोन चुका हमखास होतात. मुलं श्वास कोंडून कुंथतात, त्यानं उलट चक्कर येते, म्हणून आवळताना तिला मोठ्यानं आकडे मोजायला लावा. दुसरं, डोकं दुखायला लागलं तर ती फार जोर लावते आहे, तो कमी करायचा. नीट जमलं की एक हात मोकळा ठेवून बाकी अंग आवळायचा सराव घ्या, कारण आवळलेल्या दंडात सुई जास्त दुखते.

पहिल्या आठवड्यात सुईचं नावही काढू नका. दुसऱ्या आठवड्यात पायऱ्या सुरू करा, आणि त्या तिच्याकडून लिहून घ्या. प्रत्येक पायरीला ती शून्य ते दहापैकी भीतीचे किती गुण देते ते विचारा. तिच्या वयाच्या मुलीची यादी अशी असू शकते: सिरिंजचं चित्र, २ गुण. दंडात लस टोचतानाचा फोटो, ४. औषधाच्या दुकानातून आणलेली, सुई नसलेली सिरिंज हातात धरणं, ५. दंडाला स्पिरिटचा बोळा फिरवून तीच सिरिंज टेकवणं, ६. लस देतानाचा व्हिडिओ, ७. इंजेक्शन न घेता दवाखान्यात अर्धा तास बसणं, ८. दुसऱ्या कुणाचं रक्त काढताना बघणं, ९. स्वतःची लस, १०.

समजा ती सिरिंज टेकवण्याच्या पायरीवर आहे. ६ वरून आकडा ८ वर गेला, तर तुमचा हात आपोआप सिरिंज काढून घ्यायला जाईल. काढू नका. भीती शिगेला असताना सुटका झाली, तर सुटलो म्हणून वाचलो, एवढंच तिच्या लक्षात राहतं. आकडा ३-४ वर येईपर्यंत ती तिथंच थांबेल. कधी पाच मिनिटं लागतील, कधी पंचवीस. दुसऱ्या दिवशी तीच पायरी पुन्हा करायची, आणि सुरुवातच ३-४ नं झाली की वर चढायचं. त्या वेळात तुम्ही सतत "काही होत नाही" म्हणू नका, फक्त आकडा विचारा. तिनं डोळे मिटले तर ती पायरी धरायची नाही. चक्कर येण्याआधीची तिची खूण शोधून ठेवा: जांभया, कपाळावर गार घाम, मळमळ, कानात घूं आवाज. खूण दिसली की लगेच आवळायचं. समोर अंधारी येईपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. शेवटच्या दोन पायऱ्या घरच्या घरी नाही, डॉक्टरांना आधी सांगून दवाखान्यातच.

लसीच्या दिवशी पाणी पाजून, काही खाऊ घालून न्या. "आईस्क्रीम खायला जाऊ" असं सांगून तर कधीच नेऊ नका, सगळी शिडी त्या एका थापेनं मोडते. खुर्ची नको, तिला खाटेवर झोपवूनच लस द्यायला सांगा. टोचायचा हात सैल, बाकी अंग आवळलेलं. नंतर १५ मिनिटं आडवीच राहू द्या, मग बसवा, मग उभी करा. डॉक्टरांनी एचपीव्हीचे दोन डोस सांगितले असतील, तर त्यांत साधारण सहा महिन्यांचं अंतर असतं. तोवर सराव विसरला जातो, म्हणून मधल्या काळात महिन्यातून एकदा ५ आणि ६ गुणांच्या पायऱ्या पुन्हा करून घ्या.

आणि बाबांना आता बाहेर थांबवू नका. उद्या सकाळी दोन खुर्च्या समोरासमोर मांडा. त्यांनीही लेकीबरोबर मुठी आवळायच्या, आठवडाभर, दिवसाला पाच वेळा. ९ गुणांच्या पायरीला कुणाचं तरी रक्त काढताना तिला बघायचंच आहे. ते बाबांचं असू दे. ते खाटेवर झोपलेले, ती शेजारी बसलेली, आणि आकडे मोजायचं काम तिच्याकडे.