भागीदारी फर्म : आईचा पगार आणि 15 टक्के व्याज खर्चात का धरत नाहीत?

प्रश्न : चोपड्याला आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. आम्ही दोघे भाऊ आणि आई भागीदार. भांडवल माझं 10 लाख, भावाचं 5, आईचं 5. डीडमध्ये व्याज 15 टक्के आहे आणि पगार ‘परस्पर संमतीने ठरेल तो’. आम्ही दोघे महिना 30-30 हजार घेतो, आईला 10 हजार देतो; ती दुकानात येत नाही. 2025-26 ला व्याज-पगार धरण्याआधी नफा 12,40,000 आहे. सगळं वजा करून 1 लाखावर टॅक्स बसेल असं वाटलं होतं, सीए नाही म्हणतात. का?

उत्तर :

सीए बरोबर सांगताहेत भो. आणि त्यांनी अजून डीड नीट वाचलं नसेल, तर आकडा याहून वाढेल.

आधी व्याज. कलम 40(ब) प्रमाणे भागीदाराला दिलेलं व्याज साध्या 12 टक्क्यांपर्यंतच फर्मच्या खर्चात धरतात. डीडमध्ये 15 लिहा की 18, वरचं बाद. 20 लाखांवर तुम्ही 3,00,000 दिले, त्यातले 2,40,000 चालतील, 60,000 नाही.

आता पगाराची मर्यादा. ती दुकानाच्या ढोबळ नफ्यावर नसते, ‘बुक प्रॉफिट’वर असते, म्हणजे मान्य व्याज वजा केलेला, पण भागीदारांचा पगार वजा न केलेला नफा. तुमचा तो 12,40,000 वजा 2,40,000, म्हणजे 10 लाख. पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के किंवा 3 लाख, जे जास्त असेल ते, तुमच्याकडे 5,40,000. उरलेल्या 4 लाखांवर 60 टक्के, 2,40,000. एकूण 7,80,000. (बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून 3 लाख आणि दीड लाखाचा जुना हिशोब असतो, तो 2024-25 पासून बदलला.) तोटा असला तरी 3 लाखांपर्यंत पगार चालतो.

तुम्हा दोघांचे 7,20,000 या मर्यादेत बसतात. आईचे 1,20,000 मात्र बसत नाहीत, कारण मर्यादेत जागा असली तरी पगार फक्त धंद्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराचाच चालतो. म्हणजे फर्मचं उत्पन्न 2,80,000. फर्मला स्लॅब नाही, पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के सेस. टॅक्स 87,360. तुमच्या हिशोबाने 31,200 झाला असता.

एक दिलासा आहे. फर्ममध्ये नाकारलेले हे 60,000 आणि आईचे 1,20,000 तुमच्या वैयक्तिक उत्पन्नात पुन्हा धरायचे नाहीत. नफ्यातला वाटाही करमुक्तच. मान्य झालेलं व्याज आणि पगार मात्र वैयक्तिक रिटर्नमध्ये ‘धंद्याचं उत्पन्न’ म्हणून येतात. नोकरदाराची स्टँडर्ड डिडक्शन त्यावर मिळत नाही.

खरी भीती तुमच्या ‘परस्पर संमतीने’ या शब्दांची आहे. 1996 च्या सर्क्युलर 739 नुसार डीडमध्ये प्रत्येकाच्या पगाराची रक्कम, नाहीतर ती काढायची पद्धत लिहिलेली हवी. आमच्या डाळ मिलच्या डीडमध्ये हेच शब्द होते. वकिलाने जुन्या डीडवरून उतरवलेले, आम्ही न वाचता सह्या केलेल्या. चौकशी लागली आणि त्या वर्षीचा आमचा पूर्ण पगार नाकारला गेला. व्हाउचर होते, बँकेतून पैसे दिले होते, काही उपयोग झाला नाही. तुमच्याकडे तसं झालं तर उत्पन्न 10 लाख, टॅक्स 3,12,000.

म्हणून पुरवणी डीड करा. त्यात कामकरी भागीदार म्हणून दोघांची नावं, प्रत्येकाची महिन्याची रक्कम आणि व्याज 12 टक्के हे स्पष्ट लिहा. पुढे पगार वाढवायचा विचार असेल तर ठराविक रकमेऐवजी ‘कायद्याच्या मर्यादेइतका, दोघांत समान’ असं लिहिणारेही आहेत, सीएंना विचारा. तारीख सांभाळा : डीडच्या तारखेच्या आधीच्या काळाचा पगार त्या डीडने वाचत नाही. मार्चअखेर सही करून एप्रिलपासूनचा पगार मागता येत नाही, हे आम्ही करून पाहिलंय. बदललेल्या डीडची सगळ्या भागीदारांनी सही केलेली प्रत त्या वर्षीच्या रिटर्नसोबत लागते.

राहिलं टीडीएस. 1 एप्रिल 2025 पासून कलम 194टी आलं. भागीदाराला वर्षात मिळणारा पगार, व्याज, कमिशन मिळून 20 हजारांवर गेलं की फर्मने 10 टक्के कापायचं. रोख दिलं नाही, नुसतं 31 मार्चला भांडवल खात्यात जमा केलं तरी कापायचं. भांडवलातून केलेली उचल यात येत नाही, म्हणून खतावणीत उचल आणि पगार वेगळे ठेवा. फर्मला टॅन नसेल तर आधी तो काढा. आईचं 75,000 व्याज आणि 1,20,000 पगार खात्यात टाकलात तर तिचेही 19,500 कापावे लागतील. तिचं दुसरं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरून ते परत मागायचे.